रस्सा, कणिक आणि आल्याचं वाटण फ्रीझरमध्ये ठेवायच्या नोंदी

2 फेब्रुवारी

आठवड्याच्या मधल्या दिवसांत घरी यायला उशीर होतो म्हणून रस्सा, कणिक आणि आल्याचं वाटण अशा तीनच गोष्टी फ्रीझरमध्ये तयार ठेवायच्या असं ठरवलंय. टिकवणं सोपं आहे, फ्रीझरमध्ये कुठलीही वस्तू टिकतेच. मला बघायचंय ते एवढंच की बाहेर काढल्यावर ताटात ताज्यासारखी चव कशी येईल. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी जसं होत जाईल तसं लिहून ठेवते.

सुरुवात फ्रीझरपासून. फ्रिजवर आतलं तापमान दाखवणारा आकडा असला तरी त्यावर विसंबून उपयोग नाही. मी एक साधा फ्रीझर थर्मामीटर आणला आणि रात्रभर आधी दरवाजाच्या कप्प्यात, मग मागच्या भिंतीशी ठेवून बघितला. मागे उणे 18 अंश, जे हवं तेच. दरवाजात उणे 12. म्हणजे एकाच फ्रीझरमध्ये दोन वेगळे हवामान आहेत, आणि दरवाजाच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू प्रत्येक उघडझाकीला थोडी सैल होऊन परत गोठते. रस्सा आणि कणिक मागे ठेवायचं, दरवाजात फक्त बर्फाचा ट्रे, हे आजच पक्कं केलं. मागची हवेची जाळी पिशव्यांनी झाकली गेली होती ती पण मोकळी केली. जाळी बंद असेल तर थंड हवा फिरतच नाही.

8 फेब्रुवारी

पहिली खेप छोल्यांच्या रश्श्याची. कांदा-टोमॅटोचा साधा मसाला, लसूण, आलं, गरम मसाला, वरून कोथिंबीर, सगळं नेहमीसारखंच केलं, मुद्दाम काही बदललं नाही, कारण फ्रीझरचा परिणाम नक्की कशावर होतो ते बघायचं होतं.

आधी गार करणं. गरम पातेलं तसंच फ्रीझरमध्ये ठेवलं तर आत वाफ होते, भिंतींवर बर्फ धरतो आणि शेजारच्या गोठलेल्या पिशव्या अर्ध्या सैल होतात. ओट्यावर संध्याकाळभर ठेवलं तर ते जास्त वाईट, कारण काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि कोमट अन्नात भराभर वाढतात. म्हणून शिजवून झाल्यापासून 2 तासांच्या आत रस्सा गार होऊन थंडीत गेला पाहिजे. मी तो पसरट परातीत ओतला, परात सिंकमध्ये गार पाण्यात ठेवली आणि मधून मधून ढवळत राहिले. अर्ध्या तासात हाताला गार लागायला लागला. पातेल्यात खोल राहिलेला रस्सा एवढ्या वेळात वरून गार दिसतो पण चमचा खाली घातला की अजून वाफ येते.

मग अर्धा रस्सा एका लिटरच्या डब्यात भरला आणि उरलेला झिपच्या पिशव्यांत, प्रत्येकीत साधारण 400 ग्रॅम, हवा दाबून काढून, हाताने पसरून दीड सेंटीमीटर जाडीची सपाट पाटी केली आणि स्टीलच्या ताटावर आडव्या ठेवल्या. रात्री झोपायच्या आधी पिशव्या दगडासारख्या झाल्या होत्या, डब्यात सुरी घातली तर मधे अजून पातळ होतं.

हा फरक चवीवर येतो. बर्फाचे बहुतेक स्फटिक साधारण उणे 1 ते उणे 5 अंशांच्या दरम्यान तयार होतात. त्या पट्ट्यातून अन्न जितकं रेंगाळत जाईल तितके स्फटिक मोठे आणि टोकदार, आणि ते भाजीच्या पेशी फाडतात. मग वितळल्यावर ते पाणी परत आत जात नाही, बाहेरच राहतं. पातळ पाटी तो पट्टा पटकन पार करते.

16 फेब्रुवारी

वितळवायची पहिली चाचणी. डबा सकाळी ओट्यावर ठेवला, एक पिशवी आदल्या रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर ठेवली होती.

दुपारी डब्याचे कडेचे छोले पूर्ण मऊ आणि खोलीइतके गरम, मधे मुठीएवढा बर्फ. म्हणजे बाहेरचा भाग कितीतरी तास असाच पडून होता आणि आतला अजून गोठलेला. डबा वितळवायला कुठलाच चांगला मार्ग नाही, ओट्यावर ठेवला तर असं होतं आणि फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. पिशवी सकाळी पूर्ण सुटलेली आणि तरी थंडगार होती.

दोन्ही गरम करून चाखले. छोले दोन्हीकडे छान, द्विदल धान्याचा दाणा गोठवणं चांगलं सोसतो, राजमा, हरभरा, मसूर सगळेच. डब्यातल्या रश्श्याला वर पाण्याचा थर आलेला आणि खाली मसाला बसलेला, उकळी आणून ढवळल्यावर बराचसा एकजीव झाला. पण चव दोन्हीकडे एकाच तऱ्हेने बदललेली. लसूण पुढे आलेला, जरा कडवट. लवंग आणि मिरी बोचत होती. उलट गरम मसाल्याचा वरचा सुवास गेलेला आणि त्या जागी जुना डबा उघडल्यासारखा एक कोंदट वास. कोथिंबीर काळपट चिंध्या. मीठ पण कमी वाटलं.

म्हणजे गोठवणीने सगळी चव सारखी फिकी होत नाही. काही पदार्थ जोर धरतात, काही उडून जातात, आणि तोल बिघडतो. नुसतं जास्त मसाला घालून हे सुटणार नाही.

17 फेब्रुवारी

काल रात्री दुसरी खेप. आता रश्श्याचे दोन भाग मानायचे ठरवलं. फ्रीझरमध्ये जाईल तो पाया आणि ताटात वाढताना घालायचा वरचा भाग.

पायात कांदा, टोमॅटो, हळद, धने पूड, तिखट, आलं. लसूण नेहमीच्या निम्मा. लवंग-मिरी घालायचीच असेल तर अख्खी घालून पिशवी भरायच्या आधी काढून टाकायची. मीठ थोडं कमी. गरम मसाला, कसुरी मेथी, कोथिंबीर, लिंबू काहीच नाही, आणि तेल पण नेहमीपेक्षा हात राखून, कारण वरची तरी जास्त दिवस ठेवली की खवट व्हायला लागते. छोले पूर्ण मऊ न करता किंचित दाताखाली लागतील एवढेच शिजवले, गरम करताना ते अजून शिजणारच आहेत.

आणि एक गोष्ट जी मला फार उपयोगी पडली. वाटीभर शिजलेले छोले मिक्सरमधून काढून रश्श्यात मिसळले. त्या दाण्याच्या पिठुळपणामुळे रस्सा वितळल्यावर पाणी सोडत नाही. कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेला रस्सा मात्र वितळला की फुटून स्पंजसारख्या गाठी आणि पाणी वेगळं होतं, तो पर्याय मी बादच केला.

1 मार्च

बटाट्याची नोंद वेगळी करते कारण यात रस्सा वाया गेला.

बटाटा-मटार रस्सा वरच्याच पद्धतीने पातळ पाटी करून ठेवला होता. काल फ्रिजमध्ये वितळवून आज काढला. मटार उत्तम. बटाट्याची एक फोड दोन बोटांत धरून दाबली तर तिच्यातून पाणी टपकलं आणि बोटांत जी राहिली ती ओल्या स्पंजसारखी, वर दाणेदार. शिजलेल्या बटाट्यात स्टार्चने पाणी धरून ठेवलेलं असतं, थंडीत ते स्टार्च आखडतं आणि पाणी बाहेर ढकलतं, आणि ते नंतर कितीही शिजवलं तरी पूर्ण आत जात नाही. वेगाने गोठवून थोडा फरक पडतो पण खाण्यासारखा बटाटा होत नाही.

उपाय एकच, बटाटा पिशवीत जाऊच द्यायचा नाही. रस्सा गरम होत असताना शेजारी कुकरला बटाटा लावायचा आणि फोडी शेवटी सोडायच्या. पराठ्याचं सारण वगैरे कुस्करलेला बटाटा असेल तर चालतं, तिथे सुटलेलं पाणी परत मिसळता येतं.

याच हिशोबाने आणखी दोन पदार्थ तपासले. नारळाच्या दुधाचा रस्सा वितळल्यावर दूध फाटल्यासारखा दिसतो, स्निग्ध भाग वेगळा होतो. चव ठीक असते पण जीभ त्याला दाणेदार म्हणते. दही घातलेला तर सरळ फुटतो. दोन्ही ठिकाणी पाया गोठवा आणि नारळाचं दूध किंवा दही गरम करताना, आच मंद करून घाला. पनीर गोठवलं तर भुसभुशीत होतं, तेही शेवटी ताजंच घातलेलं बरं. दुधी, भेंडी, कोबी यांच्या वाटेला मी गेलेच नाही, पाण्याने भरलेल्या भाज्या आहेत, चिखल होणार.

8 मार्च

आता कणिक. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, कणिक रोज मळायला पाच मिनिटं लागतात, ती कशाला गोठवतेस?" तिचं बरोबर आहे, पण रात्री नऊ वाजता मला ती पाच मिनिटं आणि नंतरची परात धुवायची दहा मिनिटं नको असतात.

नेहमीसारखी मऊ कणिक मळली, उंडे केले, डब्यात एकावर एक ठेवून गोठवले होते. आज काढले. अडचणी एकापाठोपाठ एक. उंडे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ झालेलं. सुटं करायला डबा उघडा ठेवला तर थंड कणकेवर हवेतली वाफ पाणी होऊन बसली, वरून चिकट लगदा आणि आत दगड. चिकटतंय म्हणून पीठ लावत गेले, लावलेल्या पिठाने चपाती कोरडी झाली, कडा फाटल्या, तव्यावर फुगली नाही. रंग करडा, मधे बारीक काळे ठिपके.

करड्या रंगाचं कारण कोंड्यातलं एक एंझाइम, हवेशी गाठ पडली की कणिक काळवंडवतं. फ्रीझरमध्ये ते जवळजवळ थांबतं पण वितळताना हळूहळू परत काम करतं. नुसता रंग करडा असेल तर चपाती खायला हरकत नाही. आंबूस वास येत असेल किंवा कणिक सैल होऊन ताराच सुटत असतील तर मात्र ती टाकून द्यायची.

चिकटपणाचं कारण वेगळं. गोठताना ग्लूटेनच्या जाळीत धरलेलं पाणी स्फटिक होऊन बाहेर येतं, वितळल्यावर ते मोकळं पाणी म्हणून कणकेत पडून राहतं. त्याला परत पिठात मुरायला वेळ द्यावा लागतो. मी लगेच लाटायला घेतली तिथेच बिघडलं.

15 मार्च

कणकेची दुसरी पद्धत, यावेळी प्रमाण मोजून.

500 ग्रॅम पीठ. माझ्या पिठाला एरवी 330 मिली पाणी लागतं, यावेळी 300 मिली घेतलं, साधं गार पाणी. कणिक पुरीच्या कणकेइतकी घट्ट नाही पण चपातीच्या नेहमीच्या कणकेपेक्षा जाणवण्याइतकी घट्ट. चिमूट मीठ, दोन चमचे तेल. नीट मळून अर्धा तास झाकून ठेवली, म्हणजे गोठायच्या आधी पाणी पिठात पूर्ण मुरलेलं असतं. मग 40 ग्रॅमचे 20 गोळे, पण गोल ठेवले नाहीत, तळहाताने दाबून बोटभर जाडीच्या चपट्या टिकिया केल्या. गोल उंड्याचा मधला भाग शेवटपर्यंत गोठलेला राहतो आणि तोपर्यंत बाहेरचा भाग सैल होऊन जातो, चपटी टिकिया सगळीकडे एकदम सुटते.

प्रत्येक टिकियेला तेलाचा हात लावला, ताटात सुट्या ठेवून दोन तास गोठवल्या, मग चार-चारच्या पिशव्या, मधे बटर पेपर, हवा काढून बंद. चार कारण एका वेळी दोन माणसांना तेवढ्या लागतात आणि पिशवी अर्धी काढून परत ठेवायची वेळ येत नाही.

16 मार्च ते 29 मार्च

कणिक वितळवण्याची पद्धत या दिवसांत बसली. पिशवी बंदच ठेवायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री फ्रिजमध्ये, किंवा सकाळी निघताना फ्रिजमध्ये. संध्याकाळी आल्यावर पिशवी न उघडता ओट्यावर अर्धा तास. बाहेरच्या हवेतलं पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, ते पुसायचं आणि मग उघडायचं. कणिक कोरडी राहते.

तयार आहे की नाही ते बोटाने कळतं. टिकियेच्या मध्यावर बोट दाबायचं, खड्डा पडून तो हळूहळू थोडासाच भरून आला तर लाटायला घ्या. बोट दाबल्यावर खाली कडक गाठ लागली तर आत अजून बर्फ आहे. खड्डा लगेच उसळून भरला तर कणिक अजून थंड आहे, अशी लाटली की आक्रसते आणि कडेला चिरते. आणखी दहा मिनिटं द्या.

मग चारही टिकिया एकत्र करून मिनिटभर मळायच्या, परत चार गोळे, पाच-दहा मिनिटं झाकून. या मळण्याने बाहेर आलेलं पाणी परत आत जातं, सोडलं तर लाटताना ठिकठिकाणी ओले डाग लागतात. पीठ अगदी बेताचं लावायचं. तवा नेहमीपेक्षा जरा जास्त तापलेला हवा.

फुगतात. ताज्या कणकेच्या चपातीइतक्या मऊ आहेत आणि डब्यात दुपारपर्यंतही बऱ्या राहतात. मला पारखून सांगायचं तर पहिल्या दोन आठवड्यांत फरक ओळखू येत नाही. महिनाभराने ग्लूटेन थोडं कमजोर होतं, लाटताना सहज पसरते पण पापुद्रा तितका सुटत नाही. म्हणून कणकेला मी महिन्याची मर्यादा ठेवली.

मायक्रोवेव्हमध्ये घाईने सोडवायचा प्रयत्न केला त्या दिवशी टिकियेची कड शिजून रबर झाली आणि मधे बर्फ तसाच. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्याच्या भांड्यात बुडवा, वीस मिनिटांत सुटते. गरम पाण्यात नको, कड चिकट होते.

30 मार्च

आलं. पाव किलो आलं, सालं चमच्याच्या कडेने खरवडली. आधी उभे तुकडे करून वाटलं तर वाटणात लांब दोरे राहिले, आणि ते गोठल्यावर अजून कडक लागतात. आल्याचे धागे लांबीच्या दिशेने जातात, म्हणून आडव्या पातळ चकत्या करून वाटायचं, धागा मुळातच छोटा तुटतो. जून आलं असेल तर हे करणं भागच आहे.

तीन तऱ्हेने ठेवलं. पाणी घालून बर्फाच्या ट्रेत, दोन मोठे चमचे तेल घालून ट्रेत, आणि तेलाचंच वाटण पिशवीत पाव इंच जाडीचं पसरवून, त्यावर सुरीच्या मागच्या बाजूने चौकटी आखून.

12 एप्रिल

आल्याचा निकाल.

पाण्याचे ठोकळे कडक झाले, आणि गरम तेलात टाकले की तडतडून अंगावर उडतात. वासही कमी. तेलाच्या ठोकळ्यांचा वास जास्त राहिला, ते फार घट्टही होत नाहीत, पण सिलिकॉनच्या ट्रेला आल्याचा वास असा धरला की पुढे त्यातला बर्फ सरबतात घालता येईना. ट्रे आता फक्त आल्याचाच झाला. शिवाय उघडा ट्रे फ्रीझरमध्ये राहिला की वाटणाचा वरचा थर वाळतो, वास तर तिथूनच उडतो.

पिशवीतली पाटी सगळ्यांत चांगली. हवा नाही, रंग फिकट पिवळा टिकला, आखलेल्या रेषेवर मोडली की चमचाभर आल्याचा तुकडा हातात. किंचित तपकिरी झालेला कोपरा होता, तिथे हवेचा बुडबुडा राहिला होता.

आणि आलं वितळवायचंच नाही. वितळलेल्या वाटणातून पाणी सुटतं, त्या पाण्यात वासाचा बराच भाग जातो आणि ते भांड्यालाच राहतं. तुकडा गोठलेलाच कढईत घालायचा, पण तेलात सुरुवातीला नाही, कांदा गुलाबी झाल्यावर. कांद्याच्या ओलाव्यात तो शांतपणे विरघळतो, जळत नाही. मग कच्चा वास जाईपर्यंत परतायचं, ताज्या आल्यापेक्षा मिनिटभर जास्त.

एक गोष्ट फ्रीझर बदलत नाही. आल्यात प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं, ते गोठवून मरत नाही, फक्त उष्णतेने मरतं. म्हणून गोठवलेलं आलं थेट दुधात घातलं तर दूध फाटतं, ताज्या आल्यासारखंच. चहात आधी पाण्यात आलं खळखळ उकळू द्यायचं आणि मग दूध. मटण-चिकनला लावून रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो, तिथे दोन-तीन तास पुरे.

चहासाठी मात्र मला वाटणापेक्षा अख्खं आलंच बरं वाटलं. धुऊन, कोरडं करून, सालासकट पिशवीत गोठवायचं आणि गोठलेलं तसंच बारीक किसणीवर किसायचं. धागे अजिबात येत नाहीत, बारीक भुगा पडतो. काम झालं की तुकडा लगेच परत आत, कारण सैल झालेलं आलं स्पंजसारखं होतं आणि मग किसता येत नाही.

19 एप्रिल

काल रात्री बराच वेळ वीज गेली. फ्रीझर उघडला नाही, भरलेला बंद फ्रीझर साधारण दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरून ठेवतो, उघडझाक केली तर तेवढाही नाही.

घरी नसताना वीज गेली तर कळावं म्हणून आजपासून वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवलंय. नाणं वरच असेल तर ठीक. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय, मग रस्सा कितीही चांगला दिसला तरी तो टाकायचा. वीज आल्यावर पिशवीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर परत गोठवता येतं, चव मात्र एक पायरी खाली येते, अशा पिशवीवर खूण करून ती आधी संपवायची. एरवी ओट्यावर वितळलेलं काहीच परत गोठवत नाही.

27 एप्रिल

17 फेब्रुवारीच्या छोल्यांची शेवटची पिशवी आज काढली. गरम करण्याची पूर्ण पद्धत इथे लिहिते कारण आता ती बसली आहे.

काल रात्री पिशवी फ्रिजमध्ये. संध्याकाळी कढईत अर्धी वाटी गरम पाणी उकळायला ठेवलं, त्यात रस्सा ओतला, झाकण, मध्यम आच. नुसती कोरडी कढई तापवून रस्सा ओतला की मसाला तळाला लागतो आणि तो करपलेला वास काही केलं तरी जात नाही. पाच मिनिटांनी झाकण काढून ढवळलं, मधोमध बुडबुडे येईपर्यंत, कडेला उकळी येणं पुरेसं नाही. थर्मामीटर असेल तर मध्यात 75 अंश. मग तीन-चार मिनिटं उघडं उकळू दिलं, सुटलेलं पाणी आटतं आणि मसाला परत दाण्याला धरतो. वितळवायचं राहून गेलं असेल तर पातळ पाटी गोठलेलीच या उकळत्या पाण्यात मोडून घालता येते, फक्त पाणी थोडं जास्त आणि आच मंद ठेवायची. लिटरच्या डब्याचं असं करता येत नाही.

मग वरचा भाग. छोट्या कढल्यात चमचाभर तेल, जिरं, दोन ठेचलेल्या ताज्या लसणाच्या पाकळ्या, लसूण कडेला सोनेरी झाला की आच बंद, तिखट आणि गरम मसाला त्या तेलात, लगेच रश्श्यावर आणि झाकण. दोन मिनिटांनी कसुरी मेथी चुरून, लिंबू, कोथिंबीर, मीठ चाखून. ती कोंदट चव या फोडणीने पूर्ण झाकली जाते असं नाही, पण पायात गरम मसालाच नसल्यामुळे ती आलेलीच नव्हती.

दोन महिने उलटून गेलेल्या या पिशवीत एका कोपऱ्यात हवा राहिली होती आणि तिथे बर्फाचा भुगा जमला होता, त्या खालचे छोले पांढरट आणि कोरडे. खाल्लं तर अपाय नाही, चव पुठ्ठ्यासारखी, ते तेवढे बाजूला काढले. तरीचा वास घेतला, खवट नव्हता पण ताजाही नव्हता. याच्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही. जास्त तेलाच्या रश्श्याला तर मी दीड महिन्यातच संपवेन.

पिशव्यांवर आता पदार्थाच्या नावाबरोबर तारीख आणि काय घालायचं राहिलंय ते लिहिते. "छोले, 26 एप्रिल, लसूण फोडणी, गरम मसाला, लिंबू." मी घरी नसताना दुसऱ्याने पिशवी काढली तरी त्याला कळतं. खुणेचं पेन गोठलेल्या ओलसर पिशवीवर उठत नाही, त्यामुळे पिशवी रिकामी आणि कोरडी असतानाच लिहून मग भरायची. पुढच्या खेपेत राजमा आणि अख्खा मसूर, कणकेच्या पाच पिशव्या, आल्याची एक पाटी पुरेल.